महादरवाजा बोलू लागतो
(पुस्तकातली माहिती ऐकण्याजोगी कशी करायची?)

बालमित्रांनो, गड पाहायला येणारी माणसं तुम्ही नीट न्याहाळली आहेत का? काहीजण माहितीपुस्तिका हातात धरून चढतात. दोन ओळी वाचायच्या, वर बघायचं, पुन्हा पुस्तिकेत डोकं घालायचं. या गडबडीत एखादी पायरी चुकते आणि ढोपर फुटतं. काहीजण पुस्तिका घेतच नाहीत. ते बुरुजाशी उभे राहून फोटो काढतात, "मस्त आहे!" म्हणतात आणि पुढे जातात. काय मस्त आहे, ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

या दोघांच्या मधला एक रस्ता आहे. गडावर डोळे बघण्यात आणि पाय चढण्यात गुंतलेले असतात. मोकळे राहतात ते कान. म्हणून हल्ली कित्येक वस्तुसंग्रहालयांत आणि जुन्या वास्तूंमध्ये ऑडिओ गाईड असतो. ठरलेल्या जागी उभं राहायचं, बटण दाबायचं, की कानात कुणीतरी बोलू लागतं.

हे बोलणं कुठून येतं? बहुतेक वेळा ते एखाद्या पुस्तिकेतूनच आलेलं असतं. पण पुस्तिका जशीच्या तशी वाचून रेकॉर्ड केली, तर काय होतं ठाऊक आहे? पहिल्या मिनिटातच ऐकणाऱ्याचा हात बटणाकडे जातो, बंद करायला! माहिती खरी असते, भाषाही शुद्ध असते. पण ती डोळ्यांसाठी लिहिलेली असते. तिला कानांची भाषा शिकवावी लागते. ती कशी, हे आज आपण रायगडाच्या महादरवाज्याशी उभं राहून पाहू.

पुस्तिकेतला महादरवाजा

पुस्तिकांची भाषा चटकन ओळखीची व्हावी, म्हणून तशाच वळणाचा एक उतारा मी इथे तयार केला आहे.

"महादरवाजा हे गडाचे मुख्य प्रवेशद्वार असून त्याच्या दोन्ही बाजूंस अनुक्रमे सुमारे ७५ व ६५ फूट उंचीचे भव्य बुरूज उभारण्यात आलेले आहेत. बुरुजांच्या वक्राकार रचनेमुळे सदर प्रवेशद्वार दुरून दृष्टिपथात येत नाही. दर्शनी भागावर दोन कमलाकृती कोरलेल्या असून तटबंदीमध्ये शत्रूवर मारा करण्याकरिता उतरती छिद्रे (जंग्या) ठेवण्यात आलेली आहेत. प्रवेशद्वाराच्या अंतर्भागी पहारेकऱ्यांकरिता देवड्या आहेत. महादरवाज्यापासून एका बाजूस टकमक टोकापर्यंत व दुसऱ्या बाजूस हिरकणी टोकापर्यंत तटबंदी आहे."

वाचायला या उताऱ्यात काहीच वावगं नाही. थोड्या जागेत भरपूर माहिती बसवली आहे, आणि पुस्तिकेचं कामच ते. आता एक गंमत करा. आईला किंवा आजीला डोळे मिटून बसायला सांगा आणि हा उतारा एकदाच मोठ्यानं वाचून दाखवा. मग विचारा, "दुसरा बुरूज किती फुटांचा? जंग्या म्हणजे काय?"

आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रयोग केला, तेव्हा एकानं सांगितलं, "बाई, जंग्या नावाचा शत्रू होता!" वर्ग हसला, पण त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. उताऱ्यात जंग्या हा शब्द कंसात आहे. डोळ्यांना कंस दिसतो. कानांना तो ऐकूच येत नाही. 'शत्रूवर मारा करण्याकरिता उतरती छिद्रे जंग्या' एवढंच कानावर पडलं, तर कोणता शब्द कुणाचं नाव आहे ते कळणार कसं?

वाचणारा अडला की मागे जातो. 'अनुक्रमे' म्हणजे पहिला कुठला नि दुसरा कुठला, हे तो पुन्हा वाचून ठरवतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. तो अडला, की तेवढ्यात पुढची दोन वाक्यं निघून जातात. बोलीसाठी लिहिताना जे जे बदलावं लागतं, त्याचं मूळ या एका गोष्टीत आहे.

आधी पाय, मग डोळे, मग गोष्ट

पुस्तिकेनं उंचीपासून सुरुवात केली. आपण कुठून करायची? ऐकणारा जिथे उभा आहे तिथून.

महादरवाज्याची मोठी गंमत अशी, की खालून चढून येणाऱ्याला तो आधी दिसतच नाही. दिसतात ते दोन बुरूज. ते गोलाई घेत पुढे आलेले आहेत आणि दरवाजा त्यांच्या मधे, आतल्या बाजूला दडला आहे. वाट वळून अगदी जवळ जाते, तेव्हा कुठे तो समोर येतो. म्हणजे उताऱ्यातलं दुसरं वाक्य जिथे ऐकवायचं, तिथे दरवाजा दिसता कामा नये! आणि कमळं ऐकवायची, तिथे तो पुरता दिसायला हवा. देवड्या तर आत शिरल्यावरच दिसतात.

याचा अर्थ हा एक परिच्छेद एका जागी सांगताच येणार नाही. त्याचे तीन थांबे करावे लागतील. पहिला वळणाच्या अलीकडे, दुसरा दरवाज्यासमोर, तिसरा आत. कागदावरची माहिती जमिनीवर अशी पसरून पाहिली, की अर्धं काम झालं.

प्रत्येक थांब्याचा क्रम एकच ठेवायचा. कुठे उभं राहायचं ते आधी सांगायचं, काय बघायचं ते त्यानंतर, आणि त्यामागची गोष्ट शेवटी. हा क्रम उलटा झाला, तर ऐकणारा गोष्ट ऐकत चालत राहतो आणि जी वस्तू दाखवायची ती मागे पडते.

दिशांचं मात्र सांभाळा. "उत्तरेस" म्हटलं तर किती जणांना उत्तर दिशा कळते? भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा तर मोठ्यांनाही नाही. बरं, "डावीकडे, उजवीकडे" म्हणावं, तर कुणाच्या डावीकडे? गडाकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं डावं आणि गडाकडे पाठ करून दरी बघणाऱ्याचं डावं एकमेकांच्या अगदी उलट. पुस्तिकेतलं 'उजवीकडे टकमक टोक' म्हणूनच जसंच्या तसं उचलायचं नाही. त्या जागी स्वतः उभं राहायचं, तोंड कुठे करायचं ते सांगायचं आणि मगच डावं-उजवं म्हणायचं.

आणखी एक. फोटो काढणारे म्हणतात तसं "दोन पावलं मागे या" हे वाक्य गडावरच्या बोलण्यात कधीही घालू नका. मागे पायऱ्या असतात! रायगडाला पायथ्यापासून हजाराहून जास्त पायऱ्या आहेत. कानात बोलणारा माणूस ऐकणाऱ्याच्या पाठीमागचं पाहू शकत नाही.

'असून'ला निरोप

आता भाषेकडे वळू. उताऱ्यात 'असून' दोनदा आला आहे. हा शब्द म्हणजे दोन डबे जोडणारी कडी. कागदावर अशी लांब गाडी छान दिसते. बोलताना मात्र धाप लागते. म्हणून कडी सोडायची. 'महादरवाजा हे मुख्य प्रवेशद्वार असून त्याच्या दोन्ही बाजूंस बुरूज आहेत' याचं बोलताना होतं, 'हा गडाचा मुख्य दरवाजा. त्याच्या दोन्ही बाजूंना बुरूज आहेत.' एका श्वासात एक वाक्य आणि एका वाक्यात एकच गोष्ट.

'उभारण्यात आलेले आहेत', 'ठेवण्यात आलेली आहेत' या शेपटाही कापायच्या. 'बांधले', 'ठेवली' एवढं पुरतं. 'सदर', 'दृष्टिपथात', 'अंतर्भागी', 'करिता' हे शब्द आपण घरी कधी बोलतो का? "आई, सदर डबा माझ्या दृष्टिपथात येत नाही" असं कुणी म्हटलं तर आई कपाळाला हात लावून ताप बघेल! 'येथे'चं 'इथे' होतं, 'उंच आहे असे म्हणतात'चं 'उंच आहे असं म्हणतात' होतं.

पण जपून! सोपं करायचं म्हणजे सगळेच जुने शब्द फेकून द्यायचे असं नाही. 'दृष्टिपथ' गेला तरी चालेल, 'जंग्या' जाता कामा नये. 'बुरूज', 'तट', 'जंग्या', 'देवडी' ही गडाच्या अवयवांची नावं आहेत. ती गडावर नाही ऐकायची, तर कुठे? फक्त त्यांची ओळख करून देण्याची रीत बदलायची. पुस्तिका आधी नाव सांगते. बोलताना आधी वस्तू दाखवायची, मग ती कशासाठी ते सांगायचं आणि नाव शेवटी उच्चारायचं, तेही दोनदा. वस्तू डोळ्यांसमोर असताना नाव कानावर पडलं, की ते सहसा विसरत नाही.

ऐकणाऱ्याला काय म्हणायचं, हाही प्रश्न आहे. 'तू' म्हटलं तर जवळचं वाटतं. पण मग 'तू आलास' म्हणायचं की 'तू आलीस'? ऐकणारा मुलगा आहे की मुलगी, हे आवाजाला माहीत नसतं. 'तुम्ही आलात' यात दोघंही आले, आणि आजोबाही आले. म्हणून 'तुम्ही'च बरं.

आकडे: थोडे आणि ठसठशीत

मराठी आकडे हे कानांचं खास संकट. लिहिलेले ६९ आणि ७९ सहज वेगळे दिसतात. पण वाऱ्यात, गर्दीत कानावर पडलेलं 'एकोणसत्तर' होतं की 'एकोणऐंशी'? इंग्रजी माध्यमातल्या कित्येक मुलांना तर हे आकडे मनात लिहून पाहावे लागतात, आणि तोवर पुढचं बोलणं निसटतं.

म्हणून एका थांब्यावर एक आकडा पुरे, फार तर दोन. आणि तो एकटा सोडायचा नाही. त्याच्या शेजारी डोळ्यांना ओळखीचं काहीतरी उभं करायचं. इमारतीचा एक मजला साधारण १० फुटांचा धरला, तर ७५ फुटांचा बुरूज सात मजल्यांहून थोडा उंच झाला. दुसरा ६५ फुटांचा. तो आकडा सांगायलाच हवा का? 'दुसरा त्याच्याहून थोडा बुटका' म्हटलं तरी काम भागतं. ज्याला नेमका आकडा हवा, त्याच्यासाठी पुस्तिका आहेच.

सालांचंही तसंच. 'इ.स. १६७४' हे वाचताना 'इसवी सन सोळाशे चौऱ्याहत्तर' असं पुरतं उच्चारावं लागतं. त्याच्या जोडीला 'महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला ते वर्ष' असा खुंटा द्यायचा, म्हणजे साल त्यावर टांगून राहतं. मात्र 'आजपासून बरोबर इतक्या वर्षांपूर्वी' असं म्हणायचं नाही. रेकॉर्डिंग एकदा करतात आणि ते पुढे वर्षानुवर्षं वाजत राहतं. पुढच्या वर्षीच ते खोटं ठरेल.

'आहे' आणि 'म्हणतात'

बोली भाषेत सांगताना एक मोठा धोका असतो. बोलण्याच्या ओघात माणूस तिखटमीठ लावतो. लिहिणारा 'अशी आख्यायिका आहे' असं लिहून थांबतो. बोलणाऱ्याला वाटतं, हे फार पुस्तकी झालं, काढून टाकू. ते शब्द काढले, की दंतकथा इतिहास बनून बसते!

हिरकणीची गोष्ट तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ एकटं, म्हणून ती कडा उतरून गेली. गोष्ट सुंदर आहे आणि ती सांगायलाच हवी. पण ती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली कथा आहे. म्हणून 'अशी आख्यायिका आहे'च्या जागी 'असं सांगतात' हे साधे दोन शब्द ठेवायचे. ते बोलीतही छान बसतात आणि खरेपणाही राखतात.

म्हणून प्रत्येक वाक्याला विचारायचं, 'तू कोण?' बुरूज समोर आहेत, कमळं दगडात दिसतात. तिथे 'आहे' म्हणायचं. ती कमळं म्हणजे श्री आणि सरस्वती, हा अर्थ लोक सांगतात. तिथे 'सांगतात' म्हणायचं. देवडीत बसून पहारेकरी काय विचारत असतील, ही आपली कल्पना. तिथे 'असतील' म्हणायचं. 'आहे', 'सांगतात' आणि 'असतील' या तीन क्रियापदांनी ऐकणाऱ्याला बरोबर कळतं, की कशावर किती विश्वास ठेवायचा.

आता बोलू द्या!

एवढं सगळं ध्यानात घेऊन त्या उताऱ्याचं काय झालं, ते पाहा. ऐका, म्हणायला हवं! कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा.

पहिला थांबा, वळणाच्या अलीकडे:

"थांबा. दोन्ही पाय एकाच पायरीवर ठेवा आणि मागून येणाऱ्यांना वाट द्या. आता समोर पाहा. दगडाचे दोन मोठे बुरूज आहेत. पण दरवाजा कुठे आहे? शोधा बरं. (इथे पाच सेकंद शांत.) सापडला नाही, तर तुमचं काही चुकलं नाही. तो मुद्दामच लपवलाय. हे बुरूज गोलाई घेत पुढे आलेत आणि दरवाजा त्यांच्या मधे, आत दडलाय. शत्रूला तो दुरून दिसू नये, त्यावर दुरून तोफेचा नेम धरता येऊ नये, म्हणून. आणि शत्रू जवळ आलाच, तर तो या दोन बुरुजांच्या मधोमध सापडतो. यातला उंच बुरूज सुमारे पंचाहत्तर फुटांचा आहे. सात मजली इमारतीहूनही थोडा उंच! दुसरा त्याच्याहून जरा बुटका. आता वळणावरून पुढे चला. चालताना मी बोलणार नाही. दरवाजा समोर आला, की पुन्हा बटण दाबा."

दुसरा थांबा, दरवाज्यासमोर:

"हा महादरवाजा. गडाचा मुख्य दरवाजा. त्याच्या दोन्ही अंगांना पाहा. दगडात दोन फुलं कोरली आहेत. दोन्ही सापडली? ती कमळं आहेत. एक श्रीचं, म्हणजे संपत्तीचं, आणि एक सरस्वतीचं, म्हणजे विद्येचं, असं सांगतात. आता तटाकडे नजर वळवा. दगडांच्या मधे लहान लहान भोकं दिसतात का? ती आतून बाहेर, खालच्या बाजूला उतरती आहेत. त्यामुळे आतल्या सैनिकाला खालचा शत्रू दिसायचा, पण खालच्याला आतलं काही दिसायचं नाही. तिथूनच तो मारा करायचा. या भोकांना म्हणतात जंग्या. जंग्या. आता आत चला."

तिसरा थांबा, आत:

"बाजूला पाहा. पहारेकऱ्यांना थांबण्यासाठी इथे जागा केली आहे. हिला म्हणतात देवडी. तुम्ही दमला असाल तर थोडं टेका. तुमच्यासारखाच चढून दमलेला माणूस इथे आला, की पहारेकरी त्याला विचारत असतील, 'कोण? कुठून आलास? काय काम काढलंस?' उत्तर पटलं तर पुढे, नाहीतर आल्या वाटेनं परत. देवडी. लक्षात राहील ना? अजून बरंच चढायचंय. पाणी प्या आणि निघा."

उताऱ्यातलं शेवटचं वाक्य, टकमक टोक आणि हिरकणी टोकापर्यंतच्या तटाचं, इथे का आलं नाही? कारण दरवाज्याच्या खोबणीतून ते दिसत नाही. जे दिसत नाही ते जिथे दिसेल तिथे सांगायचं. वर गेल्यावर एखाद्या मोकळ्या जागेवरून लांबवर गेलेला तट नजरेत येईल, तिथे त्याचा थांबा करायचा. माहिती गाळायची नाही. तिला तिच्या जागी पोचवायची.

घड्याळ, वारा आणि धुकं

पुस्तिकेतला उतारा मोजून पाहा आणि हे तीन थांबे मोजून पाहा. बोललेलं कितीतरी लांब झालं! ते होणारच. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. आपला पहिला थांबा त्या पाच सेकंदांच्या शांततेसकट एका मिनिटाच्या आसपास जातो. एका जागी दीड मिनिटापेक्षा जास्त बोलू नये. तेवढ्यात पाय चुळबुळ करू लागतात, आणि मागचा जथा येऊन धडकतो.

शांतता कागदावर लिहून ठेवायला विसरू नका. 'शोधा बरं' म्हणून लगेच उत्तर सांगितलं, तर शोधायचं कधी? रेकॉर्ड करताना पाच सेकंद फार लांब वाटतात. म्हणून मनात आकडे मोजायचे.

रेकॉर्डिंग घरात, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून करायचं. मोबाईल तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरायचा. अगदी समोर धरला, तर 'पायरी', 'पाहा', 'फूट' यांतल्या 'प'-'फ'चा वारा मोबाईलवर आदळतो आणि फट्‌फट् आवाज येतो. कागदही सुटा ठेवा, नाहीतर पान उलटल्याची सळसळ कानात येते.

मग खरी परीक्षा जागेवर. तिथे लेखणीला न सुचलेल्या गोष्टी उघड्या पडतात. पावसाळ्यात रायगड धुक्यात बुडतो. तेव्हा 'बुरुजाचं टोक पाहा, कसं आभाळाला भिडलंय!' हे वाक्य ऐकून माणूस ढगाकडे बघत राहील. म्हणूनच आपण उंची सांगितली, पण वरचं टोक दाखवलं नाही. 'तुम्ही थक्क झाला असाल!' हेही म्हणायचं नाही. थक्क व्हायचं की नाही, ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

आणि रोपवे? १९९६ सालापासून रायगडावर रोपवे आहे. त्यातून वर गेलेला माणूस परत येताना पायऱ्यांनी उतरला, तर महादरवाज्याशी तो आतून येणार. त्याला आधी देवडी, मग दरवाजा, आणि दडलेला दरवाजा तर सगळ्यात शेवटी, तोही मागे वळून पाहिलं तरच! त्याच्यासाठी हे तीन थांबे उलटे लावून चालत नाही. 'आत चला', 'पुढे चला' सगळंच बदलावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं, 'हे बोलणं खालून चढून येणाऱ्यांसाठी आहे.'

बोलणं जमलं की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. ज्यानं ते लिहिलेलं नाही, अशा एखाद्याला ऐकवा आणि त्याच्या बोटाकडे पाहा. 'जंग्या' ऐकल्यावर बोट भोकांकडे गेलं, तर जमलं. बोट भलतीकडे गेलं, किंवा त्यानं "काय म्हणाला?" असं विचारलं, तर वाक्य पुन्हा लिहायचं. ऐकणाऱ्याला समजावत बसायचं नाही, कारण गडावर समजवायला तुम्ही नसणार.

पालकांना एक विनंती. मुलांना गडावर ऐकत फिरू द्याल, तेव्हा एकाच कानात यंत्र घालायला सांगा. दुसरा कान "बाजूला व्हा!" ऐकायला मोकळा हवा.

तुम्ही करून पाहा

खालचा उतारा बोलका करा:

"जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर एक लहानसा शिलालेख असून त्यावर 'सेवेचे ठायी तत्पर' हे शब्द व गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजींचे नाव कोरण्यात आलेले आहे. मंदिराच्या पूर्वेस छत्रपती शिवाजी महाराजांची समाधी आहे."

तीन प्रश्न मनाशी धरा. शिलालेख पायरीवर आहे; मग ऐकणाऱ्यानं त्या पायरीवर पाय ठेवण्याआधी त्याला कुठे थांबवाल? 'पूर्वेस' हा शब्द काढून काय म्हणाल? आणि ज्यानं एवढा मोठा गड बांधला, त्यानं आपलं नाव माथ्यावर न कोरता पायरीवर कोरलं, हे ऐकवल्यावर किती सेकंद गप्प राहाल?